किरकोळ पावत्यांवरील हस्तलिखित देवनागरी अंक : वाचन, रूपांतर व बेरीज

शालेय पोषण आहारासाठी लागणारा भाजीपाला, सरपण आणि पूरक आहाराचे जिन्नस शाळांना बहुधा गावच्या दुकानातून अथवा आठवडी बाजारातून घ्यावे लागतात. शाळा व्यवस्थापन समितीच्या निधीतून होणारी झाडू, खडू, दोरी, कुलूप यांसारखी लहानसहान खरेदीही तेथेच होते. वणी, पुसद, दारव्हा, घाटंजी, पांढरकवडा यांसारख्या मोठ्या बाजारांत छापील पावती मिळू शकते. परंतु लहान खेड्यात वहीचा फाटका कागद किंवा पावतीपुस्तकाचे पान, आणि त्यावर दुकानदाराच्या हातचे देवनागरी अंक, हाच खरेदीचा एकमेव पुरावा असतो.

हे अंक मुख्याध्यापकास पुढे प्रमाण अंकांत, म्हणजे 0 ते 9 या रूपात, उतरवावे लागतात. भारतीय संविधानाच्या ३४३ व्या अनुच्छेदाने संघराज्याच्या शासकीय कामासाठी भारतीय अंकांचे जे आंतरराष्ट्रीय रूप स्वीकारले आहे, ते हेच होय. बँकेचे काम आणि संगणकावरील नोंद यांत ते सर्रास वापरले जाते. पावतीवर एक अंक आणि नोंदवहीत दुसरा, असे झाले की तपासणीच्या वेळी खुलासा शिक्षकास करावा लागतो. दुकानदाराचे देणे कमी लागले तर त्या गरीब माणसाचे नुकसान होते, आणि जास्त लागले तर शिक्षकाच्या सचोटीवर विनाकारण संशय येतो. ही चूक टाळण्याची रीत सोपी आहे; मात्र ती बेरजेनंतर नव्हे, बेरजेपूर्वी अवलंबिली पाहिजे. ती रीत येथे एका पावतीच्या आधारे सांगितली आहे.

१. कोणते अंक फसवितात

सर्व अंक सारखेच फसवे नसतात. २ आणि ० यांविषयी सहसा संशय येत नाही, कारण त्यांचे देवनागरी रूप व प्रमाण रूप जवळजवळ एकच आहे. संशय ज्या जोड्यांविषयी येतो, त्या थोड्याच आहेत आणि त्या ध्यानात ठेवणे अवघड नाही.

पहिली जोडी १ आणि ९ यांची. नवाला डावीकडे जो लहानसा वळसा असतो, तो घाईत लिहिताना गळतो आणि नवाचा एक होतो. उलटपक्षी, एक लिहिताना लेखणी कागदावर आधीच टेकली, तर त्या फाजील रेघेमुळे एकाचा नऊ भासतो. दुसरी जोडी ४ आणि ५ यांची. चाराच्या खालची गाठ उघडी राहिली की त्याचे दोन पाय सुटतात आणि तो पाचासारखा दिसू लागतो. तिसरी जोडी ३ आणि ६ यांची. हे दोन अंक एकमेकांच्या आरशातील प्रतिमेसारखे आहेत. तिनाचे तोंड डावीकडे उघडते, सहाचे उजवीकडे. लेखणी बोथट असेल आणि अंक बारीक असेल, तर तोंड कोणीकडे आहे हेच कळेनासे होते.

याहून निराळा असा एक धोका आहे, आणि तो वाचणाऱ्याच्या सवयीतून उत्पन्न होतो. ज्याचा डोळा दिवसभर प्रमाण अंक पाहतो, त्यास देवनागरी १ हा 9 सारखा, देवनागरी ४ हा 8 सारखा, देवनागरी ५ हा डोक्याशी उघड्या 4 सारखा आणि देवनागरी ७ हा 6 सारखा दिसतो. येथे दुकानदाराचे अक्षर वाईट असण्याची गरजच नाही. ते सुवाच्य असूनही वाचन चुकते. त्यातच आजचे पुष्कळ दुकानदार एकाच पावतीवर दोन्ही प्रकारचे अंक मिसळतात. दिनांक प्रमाण अंकांत आणि माल देवनागरी अंकांत, किंवा दर एका पद्धतीने आणि रक्कम दुसऱ्या, असा प्रकार आढळतो. म्हणून पावती हाती घेतल्यावर पहिला प्रश्न ‘हा अंक कोणता?’ असा नसून ‘हा अंक कोणत्या पद्धतीचा?’ असा असावा.

आपल्या जिल्ह्यात यास आणखी एक कारण आहे. यवतमाळ जिल्हा १९५६ पर्यंत ज्या राज्यात होता, त्यात मराठी व हिंदी हे दोन्ही मुलूख एकत्र नांदत होते. मारवाडातून व हिंदी मुलखातून आलेली व्यापारी कुटुंबेही विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झाली आहेत. हिंदी मुलखातील जुन्या वळणात ५, ८ आणि ९ हे अंक मराठी वळणाहून काहीसे वेगळे लिहिले जात. अशा घराण्यातील वृद्ध दुकानदाराच्या हातात ते वळण अजून असू शकते. ते चूक नव्हे. केवळ वेगळे आहे, आणि ते वेगळे म्हणूनच वाचावयास हवे.

२. दुकानदाराचा हात ओळखणे

अंकाचे पुस्तकी रूप पाहून हस्तलिखित अंक ठरविणे ही वाचनाची उलटी दिशा होय. ज्याने पावती लिहिली, त्याचाच दुसरा निःसंशय अंक शोधावा आणि त्याच्याशी संशयित अंक ताडून पाहावा. असा निःसंशय अंक पावतीवरच सापडतो. खरेदीचा दिनांक आपणास पावतीवाचून ठाऊक असतो. समजा, खरेदी १९-७-२०२५ रोजी झाली आहे. या एका ओळीत त्या दुकानदाराच्या हातचे १, ९, ७, २, ० आणि ५ असे सहा अंक खात्रीचे मिळतात. विशेष म्हणजे १ आणि ९ शेजारी शेजारी मिळतात, आणि तो त्या दोहोंत फरक कसा करतो हे लगेच उमगते. राहिलेले ३, ४, ६ व ८ हे ठाऊक असलेल्या भावावरून, अथवा त्याच दुकानाच्या मागील पावत्यांवरून मिळू शकतात.

ज्या दुकानातून वारंवार खरेदी होते, त्याच्याकडून एका कागदावर ० ते ९ हे अंक दोनदा लिहून घ्यावेत: एकदा सावकाश, आणि एकदा नेहमीच्या घाईने. हा कागद पावत्यांच्या फाइलीच्या पहिल्या पानावर चिकटवावा. घाईने लिहिलेली ओळ अधिक उपयोगी पडते, कारण पावती घाईतच लिहिली जाते.

३. उभी रेघ : अंक नव्हे, अंश

अंकांच्या जोडीने पावतीवर जी उभी रेघ येते, ती अंकांपेक्षाही अधिक घात करते. जुन्या हिशेबपद्धतीत पाव, अर्धा आणि पाऊण हे अंश उभ्या रेघांनी दाखवीत. एक रेघ म्हणजे पाव, दोन रेघा म्हणजे अर्धा, आणि तीन रेघा म्हणजे पाऊण. त्याप्रमाणे १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड, २॥ म्हणजे अडीच आणि ३॥। म्हणजे पावणेचार. रुपया सोळा आण्यांचा होता, तेव्हा ५॥ असे लिहिले की पाच रुपये आठ आणे समजत. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, पुढे शेर व मण जाऊन किलोग्रॅम आले. परंतु वजनापुढे रेघ ओढण्याची सवय जुन्या दुकानदारांच्या हातून गेली नाही. अडीच किलो ते आजही २॥ असे लिहितात.

ज्यास ही पद्धत ठाऊक नाही, तो १। हे 11 वाचतो आणि २॥ हे 211 वाचतो. रूपांतर करताना रेघेचा अंश दशांशात लिहावा: १। म्हणजे 1.25, २॥ म्हणजे 2.50, ३॥। म्हणजे 3.75. रेघ आणि एक यांतील भेद ओळखण्याची खूण अशी की, देवनागरी एकाच्या डोक्यास गोल वळण असते आणि अंशाची रेघ सरळ असते. शंका उरलीच, तर पुढे सांगितलेला गुणाकार निर्णय देतो.

उभ्या किंवा तिरप्या रेघेची आणखी दोन सोंगे आहेत. रक्कम संपली हे दाखविण्यासाठी २५/- असे लिहितात. त्यातील तिरपी रेघ अंकाला चिकटली तर पंचविसाचे दोनशे एक्कावन्न होतात. तसेच ‘वरीलप्रमाणे’ या अर्थी वरच्या ओळीखाली दोन लहान रेघा काढतात. त्या अर्ध्याच्या खुणेसारख्या किंवा अकरासारख्या दिसतात. ही खूण बहुधा जिनसाच्या अथवा दराच्या खाली येते, आणि तिच्या डावीकडे अंक नसतो. अर्ध्याची खूण मात्र, वजन अर्ध्या किलोहून अधिक असेल तेव्हा, अंकाला लागून उजवीकडे येते.

आडव्या रेघेचाही विचार येथेच करावा. रुपये आणि पैसे, अथवा क्विंटल आणि किलो, यांच्यामध्ये टिंबाऐवजी आडवी रेघ देण्याची रीत आहे. ४७-५० म्हणजे सत्तेचाळीस रुपये पन्नास पैसे, हे सहज कळते. पण कापसाच्या मापाच्या चिठ्ठीवर ७-५ असे असेल आणि त्याचा अर्थ सात क्विंटल पाच किलो असा असेल, तर रूपांतर 7.05 असे होते, 7.5 असे नव्हे. या दोहोंत पंचेचाळीस किलोंचा फरक आहे. भाव क्विंटलला ७,००० रुपये धरला, तर तो फरक ३,१५० रुपयांचा होतो. म्हणून आडव्या रेघेच्या उजवीकडे एकच अंक असेल, तर तेथे थांबावे आणि विचारून घ्यावे.

४. एक पावती

आता नमुन्यादाखल एक पावती घेऊ. तीवर १९-७-२०२५ हा दिनांक आणि पुढील सहा ओळी आहेत. प्रत्येक ओळीत जिन्नस, परिमाण, दर आणि रक्कम या क्रमाने नोंद आहे.

बटाटे — ७ किलो — ३५ — २४५
कांदे — ५ किलो — ३० — १५०
टोमॅटो — २॥ किलो — ४० — १००
मेथी — ९ जुड्या — १५ — १३५
हिरवी मिरची — १। किलो — ६० — ७५
सरपण — ४ मोळ्या — १२० — ४८०
एकूण — ११८५

छापील रूपात ही पावती निर्वेध वाटते. परंतु मूळ कागदावर पहिल्या रकमेतील चाराची गाठ उघडी आहे, मेथीच्या रकमेतील एकाला डावीकडे फाजील रेघ आहे, मिरचीच्या रकमेतील सात हा 6 सारखा दिसतो, आणि एकूण रकमेतील दुसऱ्या एकालाही तशीच फाजील रेघ आहे, असे समजा. घाईने वाचणाऱ्याने केवळ शेवटचा स्तंभ पाहिला आणि प्रमाण अंकांत तो असा उतरविला: 255, 150, 100, 935, 65, 480. यांची बेरीज 1985 येते. मग त्याने पावतीवरील एकूण रक्कम पाहिली. तीही त्यास 1985 अशीच दिसली. बेरीज जुळली म्हणून तो निश्चिंत झाला.

वास्तविक येथे चार ठिकाणी वाचन चुकले आहे. चाराचा पाच झाल्याने दहा वाढले, साताचा सहा झाल्याने दहा घटले, आणि या दोन चुकांनी एकमेकींस झाकले. एकाचा नऊ झाल्याने आठशे वाढले, आणि तीच चूक एकूण रकमेतही झाल्याने तीही झाकली गेली. एकाच हाताने लिहिलेला तोच फसवा अंक एकाच डोळ्याने दोनदा पाहिला, तर तो दोन्ही वेळा सारखाच चुकतो, यात नवल नाही. सबब बेरीज जुळली म्हणजे वाचन बरोबर, हा समज सोडून दिला पाहिजे. बेरीज ही स्वतंत्र साक्ष नव्हे.

स्वतंत्र साक्ष ओळीतच असते. परिमाण गुणिले दर बरोबर रक्कम, हा संबंध प्रत्येक ओळीला लागू आहे, आणि डोळ्याची चूक त्यास बहुधा सांभाळून घेता येत नाही. बटाट्यांच्या ओळीत 7 गुणिले 35 म्हणजे 245. 255 ही रक्कम तेथे बसत नाही, म्हणून संशयित अंक चारच. परिमाणाचा सात हा 6 असावा असे मानले, तर 6 गुणिले 35 म्हणजे 210 होतात, आणि तेही बसत नाहीत. मेथीच्या ओळीत 9 गुणिले 15 म्हणजे 135. परिमाण एक मानले तर रक्कम 15 व्हावी. 935 तर कोणत्याही रीतीने येत नाही. मिरचीच्या ओळीत 1.25 गुणिले 60 म्हणजे 75; सव्वाला अकरा वाचले असते, तर 660 आले असते. टोमॅटोच्या ओळीत 2.50 गुणिले 40 म्हणजे 100, आणि येथे दोन उभ्या रेघा अर्ध्याच्या आहेत हे सिद्ध होते. अशा रीतीने सहाही ओळी निश्चित झाल्यावर बेरीज करावी: 245 अधिक 150 अधिक 100 अधिक 135 अधिक 75 अधिक 480, म्हणजे 1185. आता पावतीवरील एकूण रक्कम पुन्हा पाहिली, तर तिच्यातील दुसरा अंक १ आहे, हे दिनांकातील १९ शी ताडून कळते.

पावतीवर ‘अक्षरी रुपये’ अशी ओळ असेल, तर ती सर्वांत बळकट साक्ष होय. ‘अकराशे पंच्याऐंशी’ आणि ‘एकोणीसशे पंच्याऐंशी’ यांत डोळा फसत नाही. म्हणून दुकानदाराकडून एकूण रक्कम अक्षरी लिहून घेण्याचा परिपाठ ठेवावा. त्यास अर्धे मिनिटही लागत नाही.

५. रूपांतराचा तक्ता

हे काम मनातल्या मनात करू नये. पावतीच्या मागे अथवा वेगळ्या कागदावर पाच रकाने आखावे: जिन्नस, परिमाण, दर, पावतीवरील रक्कम, आणि आपण केलेला गुणाकार. पहिले चार रकाने पावतीप्रमाणे प्रमाण अंकांत भरावे. पाचवा रकाना स्वतः गुणून भरावा. चौथा आणि पाचवा रकाना ज्या ओळीत जुळतील, तेथे खूण करावी. न जुळणाऱ्या ओळीत संशयित अंक पुन्हा पाहावा, आणि दुसरे शक्य वाचन घेऊन गुणाकार बसतो का ते तपासावे. सर्व ओळींवर खूण होईपर्यंत बेरजेस हात घालू नये.

दोघांनी मिळून हे काम करावयाचे असल्यास एकाने वाचावे आणि दुसऱ्याने लिहावे. मात्र संख्या नावाने वाचू नये, अंकाअंकाने वाचावी. मराठी संख्यानामांत एकक आधी आणि दशक मागून येतो. ‘त्रेपन्न’ ऐकताना आधी तीन कानी पडतो, आणि लिहिणाऱ्याच्या हातून 35 उतरतो. एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर या मालिकेत तर दशकाचे नाव पुढच्या दशकावरून पडलेले असते. एकोणसाठ ऐकून 69 लिहिणारे पुष्कळ असतात. ज्यांच्या घरची भाषा कोलामी, गोंडी किंवा बंजारा आहे, त्या सहकाऱ्यांना व विद्यार्थ्यांना ही अडचण अधिक जाणवणे स्वाभाविक आहे. ‘पाच, नऊ’ असे वाचले की हा प्रश्नच उरत नाही. लिहून झाल्यावर लिहिणाऱ्याने खालून वर वाचावे आणि दुसऱ्याने पावतीवर बोट ठेवून ताडावे. क्रम उलटल्याने पहिल्या वाचनाची सवय मोडते.

रक्कम संगणकाच्या तक्त्यात भरावयाची असेल, तर एक सावधगिरी बाळगावी. अशा तक्त्यात देवनागरी अंक टाइप केले, तर ते पुष्कळदा संख्या म्हणून नव्हे, मजकूर म्हणून साठविले जातात, आणि SUM हे सूत्र मजकूर सोडून उरलेल्यांची बेरीज करते. चुकीची सूचना येत नाही. बेरीज गुपचूप कमी भरते. मजकूर साधारणतः चौकटीत डावीकडे सरकलेला दिसतो आणि संख्या उजवीकडे, ही त्याची खूण होय. भरताना प्रमाण अंकच वापरावे.

६. बेरीज न जुळल्यास

सर्व ओळी खूण होऊनही आपली बेरीज आणि पावतीवरील एकूण रक्कम जुळली नाही, तर प्रथम ओळी मोजाव्या. एखादी ओळ सुटली असेल. नंतर ‘मागील बाकी’ म्हणून उधारीची रक्कम वर अथवा खाली धरली आहे काय, ते पाहावे. मागील बाकी ही या दिवसाची खरेदी नव्हे. तिची पावती आधीच फाइलीत असेल, तर ती रक्कम दोनदा लागेल.

तेही नसेल, तर फरकाकडे पाहावे. फरक स्वतःच बोलतो. एक अंक चुकीचा वाचला असेल, तर फरक एकाच अंकाचा आणि त्यापुढे शून्यांचा असतो. फरक 8, 80 किंवा 800 असेल तर १ आणि ९ यांची अदलाबदल झाली असावी. तो 3, 30 किंवा 300 असेल तर ३ आणि ६ यांची. तो 1, 10 किंवा 100 असेल तर ४ आणि ५ यांची, अथवा साताला सहा वाचले गेले असावे. तो 4, 40 किंवा 400 असेल तर देवनागरी चारास प्रमाण 8 समजले असावे. फरकाला नवाने निःशेष भाग जात असेल, तर शेजारचे दोन अंक उलटले असावेत, किंवा एखादे शून्य गळाले अथवा वाढले असावे. 53 ऐवजी 35 लिहिल्यास फरक 18, आणि 750 ऐवजी 75 लिहिल्यास फरक 675. ही लक्षणे कोठे शोधावे ते सांगतात. काय लिहावे ते सांगत नाहीत. निर्णय पुन्हा त्या ओळीच्या गुणाकारानेच करावा.

७. ही रीत कोठे अपुरी पडते

काही ओळींत दर नसतो. ‘भाजी — ठोक — ४८०’ असे लिहिलेले असते. तेथे गुणाकाराची साक्ष मिळत नाही. अशी ओळ एकच असेल आणि एकूण रक्कम अक्षरी लिहिलेली असेल, तर एकूणातून बाकीच्या ओळी वजा करून ती रक्कम निश्चित करता येते. अशा ओळी दोन असतील, तर वजाबाकीने त्यांची एकत्र रक्कम तेवढी कळते. कोणत्या ओळीत कोणता अंक, हे कळत नाही. तेव्हा अंदाज न बांधता दुकानदारास विचारावे.

दुसरी मर्यादा सुट्या पैशांची. सव्वा किलो माल 65 च्या दराने 81.25 रुपयांचा होतो. दुकानदार 81 किंवा 80 लिहितो. म्हणून गुणाकार आणि रक्कम यांत रुपया-दीड रुपयाचा फरक आला, तर ती वाचनाची चूक समजू नये. दशकाच्या किंवा शतकाच्या अंकाविषयीचा संशय एवढ्या फरकाने बाधित होत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. कधी कधी अंक स्पष्ट असतात, आणि गुणाकारच दुकानदाराचा चुकलेला असतो. अशा वेळी रूपांतर करणाऱ्याने स्वतःच्या हाताने पावती दुरुस्त करू नये. तक्त्याच्या चौथ्या रकान्यात पावतीवर आहे तेच लिहावे, पाचव्यात खरा गुणाकार लिहावा, आणि पावती दुकानदाराकडे परत न्यावी. चुकलेल्या रकमेवर त्याने एकच आडवी रेघ मारून शेजारी नवी रक्कम लिहावी, नवी एकूण रक्कम अक्षरी लिहावी आणि दोन्ही ठिकाणी सही करावी. अंकावर अंक गिरवून केलेली दुरुस्ती तपासणारास खाडाखोड म्हणूनच दिसते, मग ती कितीही प्रामाणिक असो.

८. चौथी-पाचवीच्या वर्गात

हाच पाठ मुलांना देता येतो. वर दिलेली पावती फळ्यावर लिहावी, दुकानाचे नाव गाळावे, आणि एकूण रक्कम व शेवटच्या स्तंभातील तीन अंक पुसून टाकावे. मुलांनी परिमाण व दर यांवरून पुसलेले अंक शोधावे, मग प्रमाण अंकांत तक्ता भरून बेरीज करावी. २॥ आणि १। या खुणा आधी न सांगता विचाराव्या. टोमॅटो चाळीसच्या दराने शंभर रुपयांचे झाले, म्हणजे किती किलो, या प्रश्नातून अर्ध्याची खूण मुले स्वतः शोधून काढतात. पुढे घरी आलेली कापसाची अथवा तुरीची पट्टी वडीलधाऱ्यांजवळ बसून वाचण्याइतकी तयारी त्यांची यातून होते.

तयार झालेला तक्ता पावतीस टाचून, त्यावर वाचणाऱ्याची व लिहिणाऱ्याची सही आणि दिनांक घालून, पावतीच्या क्रमांकानेच फाइलीत लावावा. नोंदवहीत रक्कम या तक्त्यावरून उतरवावी, पावतीवरून पुन्हा वाचून नव्हे.